व्हिडिओ कॉलवरचा गप्प ग्राहक



माझी नोकरी सैन्यात, कोअर ऑफ सिग्नल्समध्ये झाली. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो आणि गेली काही वर्षं एका लहान कंपनीसाठी छतावरचे सौर ऊर्जा संच विकतो. ग्राहक म्हणजे डाळ मिलवाले, जिनिंगवाले, शीतगृहवाले. कुणी अकोल्याला, कुणी कलबुर्गीला, कुणी राजकोटला. पहिल्याच बोलण्यासाठी प्रत्येकाकडे गाडी काढून जाणं परवडत नाही, म्हणून पहिली भेट व्हिडिओ कॉलवर होते. छत बघायला माणूस जातो तो नंतर, आणि पहिला कॉल नीट झाला तरच.

व्हिडिओ कॉलवर विक्री कशी करावी, यावर बोलायला मला सांगितलं आहे. कॅमेरा कुठे ठेवावा, मागे भिंत कशी असावी, उजेड कसा असावा हे बहुतेकांना आता माहीत आहे. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. समोरचा गप्प झाला की काय करायचं?

‘नाही’ म्हणणारा ग्राहक मला सोपा वाटतो. नाही म्हणताना तो काहीतरी कारण देतो, आणि कारण हाती आलं की त्यावर बोलता येतं. अवघड असतो तो पंचवीस मिनिटं शांतपणे ऐकणारा, मधूनमधून मान हलवणारा आणि शेवटी ‘ठीक है, देख के बताते हैं’ म्हणून निघून जाणारा. त्याच्या मनात काय अडलं होतं ते तो सांगत नाही. प्रत्यक्ष भेटीत चहा येतो, दारापर्यंत सोडायला येताना तो दोन वाक्यं बोलतो, आणि खरी अडचण बऱ्याचदा तिथेच कळते. व्हिडिओ कॉलला असं दार नसतं. लाल बटण दाबलं की माणूस गेला.

स्क्रीन शेअर केली की आपल्याला दिसेनासं होतं

आधी यंत्राची गोष्ट, कारण शांततेचं निम्मं मूळ तिथे असतं.

झूम असो, गूगल मीट असो की टीम्स असो, आपण स्क्रीन शेअर केली की दोन्ही बाजूंचं चित्र बदलतं. ग्राहकाच्या पडद्यावर आपली स्लाइड मोठी होते आणि आपला चेहरा कोपऱ्यात जातो. आपल्या पडद्यावर त्याचा चेहरा टपाल तिकिटाएवढा होतो, नाहीतर दुसऱ्या खिडकीमागे लपतो. म्हणजे जेव्हा आपण सगळ्यात महत्त्वाचं बोलत असतो, नेमकं तेव्हाच आपण त्याला बघत नसतो. तोही आपल्याला बघत नसतो, तो वाचत असतो. आणि वाचणारा माणूस बोलत नाही. त्यामुळे शेअरिंग जितकं लांबेल तितका ग्राहक गप्प होत जातो.

यावर मी तीन गोष्टी करतो.

पहिली, स्क्रीन सलग पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त शेअर करत नाही. एक मुद्दा झाला की शेअरिंग बंद करतो. चेहरे पुन्हा मोठे होतात, आणि आता बोलायची पाळी तुमची हे न सांगता समजतं. वायरलेसवर आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणतात. म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. शेअरिंग बंद करणं हे व्हिडिओ कॉलवरचं ‘ओव्हर’ आहे.

दुसरी, त्याच कॉलमध्ये मी फोनवरूनही सामील होतो. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. फोन लॅपटॉपच्या शेजारी उभा ठेवतो. ग्राहकाला काय दिसतंय ते मला त्यात दिसतं. माझं पान अजून त्याच्यापर्यंत पोहोचलेलंच नाही, अक्षरं पुसट आहेत, किंवा मी चौथ्या पानावर बोलतोय आणि तिकडे तिसरंच आहे, हे लगेच कळतं. पुष्कळदा ग्राहक गप्प असतो तो केवळ पान दिसायची वाट बघत असल्यामुळे.

तिसरी, पूर्ण स्क्रीन कधीच शेअर करत नाही, लागेल तेवढी एकच खिडकी शेअर करतो. पूर्ण स्क्रीन दाखवली आणि मध्येच दुसऱ्या ग्राहकाचा ‘भाव थोडा कमी करा’ असा मेसेज वर आला, तर पुढचा अर्धा तास समोरच्याच्या डोक्यात तेवढंच राहणार.

आणि कॉल सुरू होताच एक तपासणी. वायरलेसवर बोलणं सुरू करण्याआधी ‘रेडिओ चेक’ करतात, तसंच. पण ‘मी दिसतोय का, ऐकू येतंय का’ असं मी विचारत नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. मी कागद दाखवतो आणि विचारतो, ‘वर डाव्या कोपऱ्यात कोणता आकडा दिसतोय, जरा वाचून सांगता?’ यात दोन कामं होतात. त्याला खरंच दिसतंय की नाही ते कळतं. शिवाय पहिल्या दोन मिनिटांत त्याच्या तोंडून आवाज निघतो. सुरुवातीला एकदा बोललेला माणूस पुढे बोलायला कमी संकोचतो.

रॉजर वेगळं, विल्को वेगळं

सिग्नल्समध्ये दोन शब्द अगदी काटेकोर वापरतात. ‘रॉजर’ म्हणजे तुमचा निरोप मिळाला. ‘विल्को’ म्हणजे निरोप मिळाला आणि त्याप्रमाणे करतो. रॉजरमध्ये होकार नसतो. निरोप मिळाला म्हणून कुणी ते काम करेलच असं धरून चालत नाही.

व्हिडिओ कॉलवर ग्राहक ‘हां हां’, ‘ठीक है’, ‘बरोबर’ म्हणतो ते बहुतेक वेळा रॉजर असतं. ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ. विकणारा मात्र ते विल्को समजतो आणि पुढच्या पानावर जातो. मान हलवण्याचंही तसंच. कॅमेऱ्यासमोर माणसं शिष्टाचार म्हणून जास्तच मान हलवतात.

मग विल्को ओळखायचं कसं? ग्राहक आपल्या मिलची एखादी गोष्ट घेऊन त्यात भर घालतो तेव्हा. ‘आमचं छत पूर्वेकडे उतरतं, तिथे चालेल का?’ हा होकाराकडे जाणारा प्रश्न आहे. ‘बहुत अच्छा है’ ही नुसती पोच आहे.

शांतता कुठे सुरू झाली?

कॉलच्या वेळी माझ्यापुढे एक साधा कागद असतो. त्यावर मी दोनच गोष्टी लिहितो, किती वाजले आणि त्या वेळी पडद्यावर काय होतं. ग्राहक बोलता बोलता थांबला, उत्तरं आखूड झाली की लगेच नोंद करतो. उदाहरणार्थ, ‘११.१४, वार्षिक बचतीची ओळ.’

याचं कारण असं की ग्राहक गप्प झाला हे आपल्या लक्षात येतं तोपर्यंत आपण दोन पानं पुढे गेलेलो असतो. मग आपल्याला वाटतं, किंमत ऐकून गप्प झाला, आणि आपण सवलत द्यायला निघतो. प्रत्यक्षात तो किंमतीच्या आधीच, दुसऱ्याच आकड्यावर अडकलेला असतो. त्याच्या अडचणीला सवलत लागूच होत नाही, आणि आपले पैसे मात्र जातात. म्हणून आधी जागा शोधायची, कारण नंतर.

जागा शोधायला मदत करणाऱ्या काही खुणा आहेत. सगळ्यात भरवशाची खूण चेहऱ्यावर नसते, माइकच्या चिन्हात असते. कुणी म्यूट काढला, काही बोलला नाही आणि पुन्हा म्यूट केला, तर त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ती जागा लगेच लिहून ठेवा. दुसरी खूण, आवाज बंद आहे पण ओठ हलताहेत आणि नजर कॅमेऱ्याच्या बाजूला आहे. खोलीत आणखी कुणीतरी आहे आणि त्यांचं आपसात बोलणं चाललंय. तिसरी, चेहऱ्यावरचा किंवा चष्म्यावरचा उजेड एकदम बदलला. त्याने दुसरी खिडकी उघडली. ईमेल वाचत असेल, किंवा तुमच्याच कंपनीचं नाव शोधत असेल.

एक सावधगिरी सांगतो. या खुणांवरून एवढंच कळतं की काहीतरी घडलंय. काय घडलंय ते कळत नाही. खाली बघणारा माणूस कंटाळलेला असेल, किंवा तुमचे आकडे कॅल्क्युलेटरवर तपासत असेल. दोन्हींत मान सारखीच खाली असते. नेट अडखळलं की चेहरा गोठतो आणि आपल्याला तो नाराज वाटतो. म्हणून चेहरा वाचून निष्कर्ष काढू नका. चेहऱ्यावरून फक्त प्रश्न कधी विचारायचा ते ठरवा.

कलबुर्गीची डाळ मिल

आता एक कॉल सविस्तर सांगतो.

कलबुर्गीचा भाग तुरीचा. तिथे डाळ मिल पुष्कळ. एका मिलने १०० किलोवॅटच्या संचाचं कोटेशन मागितलं आणि सोबत मार्च महिन्याचं वीजबिल पाठवलं. कॉलवर तिघे होते. मिलचे मालक, म्हणजे शेठजी, आणि त्यांचे मुनीम ऑफिसात एकाच लॅपटॉपसमोर. शेठजींचा मुलगा फोनवरून, कॅमेरा बंद. बोलणं हिंदीत.

सुरुवातीला मी आमच्या कंपनीची ओळख करून देणारं काही दाखवलं नाही. त्यांचंच बिल पडद्यावर लावलं आणि विचारलं, ‘या महिन्यात किती युनिट लागली, वाचून सांगाल का?’ मुनीमजींनी वाचलं, २४ हजार. मुलगा म्हणाला, ‘मला फोनवर काही वाचता येत नाही.’ मी पान दुप्पट मोठं केलं आणि लागेल तेवढाच भाग पडद्यावर ठेवला. ग्राहकांपैकी एकजण जरी फोनवर असला, तरी सगळ्यांसाठी पान फोनच्या मापाचं करायचं. एका वेळी चार-पाच ओळी पुरेत.

स्वतःचं बिल पडद्यावर असलं की माणूस झोपत नाही. आम्ही बिलाचे दोन भाग पाहिले. एक स्थिर आकार, जो मंजूर मागणीप्रमाणे लागतो. दुसरा वापरलेल्या युनिटांचा. सौर संचामुळे कमी होतो तो दुसरा. पहिला बहुतेक तसाच राहतो. हे ऐकून शेठजी म्हणाले, ‘म्हणजे बिल शून्य होत नाही.’ मी म्हटलं, नाही होत. त्यांना ते पटलं, बोलणं छान चालू झालं.

मग मी त्यांनी मागितलेल्या १०० किलोवॅटचा हिशेब लावला. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरतो. म्हणजे दिवसाला ४००, महिन्याला १२ हजार, वर्षाला १ लाख ४४ हजार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ११ लाख ५२ हजार रुपये. संचाची किंमत ४५ लाख. सुमारे चार वर्षांत पैसे वसूल.

इथे खोली शांत झाली. ११ वाजून १४ मिनिटं. शेठजींनी मुनीमजींकडे पाहिलं. माइक म्यूट झाला, ओठ हलले, माइक पुन्हा सुरू झाला. शेठजी म्हणाले, ‘हां, ठीक है. आगे बताइए.’

हे रॉजर होतं. पुढचं पान कर्जाच्या हप्त्याचं होतं, ते मी उघडलं नाही. शेअरिंग बंद केलं. तिघांच्या चौकटी मोठ्या झाल्या. कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, ‘आत्ता जे आकडे पाहिले, त्यातला कोणता आकडा तुमच्या मिलला लागू पडत नाही?’

या प्रश्नाची घडण बघा. ‘काही शंका आहे का?’ असं मी विचारलं नाही. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण शंका विचारणं म्हणजे आपल्याला समजलं नाही हे मुलासमोर, मुनीमासमोर कबूल करणं. ‘आवडलं का?’ असंही विचारलं नाही, त्यावर शिष्टाचाराचा हो येतो. ‘कोणता आकडा लागू पडत नाही’ म्हटलं की एखादा आकडा चुकत असणार हे मी आधीच मान्य केलेलं असतं. आता मिल माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते, हे दाखवायची त्यांना संधी मिळते.

प्रश्न विचारून मी थांबलो. हे थांबणं फार कठीण असतं. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, इतकी आपल्याला जलद उत्तराची सवय असते. कॉलवर आवाज जायला-यायला वेळ लागतो, म्यूट काढायला वेळ लागतो, आणि एकाच लॅपटॉपसमोर दोघे असले तर आधी कोण बोलणार हे ठरायलाही लागतो. तीन सेकंदांची शांतता आपल्याला नकारासारखी वाटते आणि आपण स्वतःच बोलून ती भरतो. मी मनात सात आकडे मोजतो. तोपर्यंत तोंड उघडायचं नाही.

पाच-सहापर्यंत आलो असेन, मुनीमजी बोलले. ‘साहेब, आमची मिल बारा महिने कुठे चालते?’

अडचण ही होती. नवी तूर डिसेंबरपासून बाजारात यायला लागते. मिल डिसेंबर ते जून जोरात चालते. पुढचे पाच महिने रखडत. मार्चचं बिल हंगामातलं होतं. संच मात्र पाच महिने रिकाम्या मिलवरही वीज करत राहणार. हे शेठजींना माझी ओळ वाचताक्षणीच कळलं होतं. पण भर मीटिंगमध्ये पाहुण्याचा हिशेब खोडणं त्यांना बरं वाटत नव्हतं. त्यांची शांतता नकाराची नव्हती, अदबीची होती.

आता मी पुन्हा स्क्रीन शेअर केली, पण या वेळी कोरा तक्ता. बारा ओळी, बारा महिने. मुनीमजींना म्हटलं, जुनी बिलं काढा, तुम्ही वाचा, मी भरतो. ते वाचत गेले, मी टाईप करत गेलो. ऑगस्टच्या आकड्याला शेठजींनी अडवलं, ‘एवढं कसं? हां, त्या महिन्यात जुना माल काढला होता.’ जो माणूस पाच मिनिटांपूर्वी गप्प होता, तो आता माझा तक्ता दुरुस्त करत होता. ग्राहकाचं लक्ष टिकवण्यासाठी यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. त्याला बघायला लावू नका, भरायला लावा. रंगीत स्लाइडपेक्षा त्याच्या आवाजावर भरला जाणारा साधा तक्ता जास्त वेळ धरून ठेवतो.

तक्ता भरल्यावर असं दिसलं. हंगामाच्या सात महिन्यांत १०० किलोवॅटची सगळी वीज मिल खाते, म्हणजे १२ हजार गुणिले सात, ८४ हजार युनिट. उरलेल्या पाच महिन्यांत दिवसा महिन्याला जेमतेम ४ हजार युनिट लागतात, म्हणजे २० हजार. एकूण १ लाख ४ हजार. वर्षाची बचत ८ लाख ३२ हजार. वसुली चार वर्षांत नाही, जवळजवळ साडेपाच वर्षांत.

मग त्याच तक्त्यात मी १०० च्या जागी ५० लिहिलं. महिन्याला ६ हजार युनिट. हंगामात ४२ हजार, बाकीच्या महिन्यांत तेच २० हजार, एकूण ६२ हजार. बचत ४ लाख ९६ हजार, किंमत साडेबावीस लाख. वसुली साडेचार वर्षांत. पावसाळ्यात वीज थोडी कमी होते, उन्हाळ्यात जास्त, हेही सांगितलं. सोपेपणासाठी आम्ही सरासरीच धरली.

बंद कॅमेऱ्यामागून मुलगा पहिल्यांदाच जोरात बोलला, ‘पण शेजारच्यांनी १०० लावलाय. जास्तीची वीज बोर्डाला विकता येते ना?’ १०० चा आकडा कुठून आला होता तेही आता कळलं. मी सांगितलं की जास्तीच्या विजेचे नियम आणि दर राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत राहतात. तुमच्या वीज कंपनीकडून लेखी मिळेपर्यंत तो आकडा शून्य धरा. शून्य धरूनही जमत असेल तरच पुढे जा. शेजारच्यांचं काय चालतं, हेही विचारलं. त्यांचं शीतगृह होतं, बारा महिने चालणारं. शेठजी हसले. पुढे मी काही म्हणायची गरज राहिली नाही.

त्यानंतर पुन्हा शांतता झाली. पण ही वेगळी होती. शेठजींची मान खाली, हात हलतोय, मुनीमजी वाकून बघताहेत. ते हिशेब करत होते. इथे प्रश्न विचारायचा नसतो. शेअरिंग चालूच ठेवलं, कारण आकडे त्यांना पडद्यावरून घ्यायचे होते. मी माउससुद्धा हलवला नाही. चाळीसेक सेकंद गेली असतील. मग शेठजींनी विचारलं, ‘आज ५० लावला तर पुढे वाढवता येईल का?’

हे विल्कोच्या वाटेवरचं वाक्य. छतावर जागा राखून ठेवायची, केबलचा मार्ग पुढचा विचार करून टाकायचा, वाढीव क्षमतेसाठी पुन्हा परवानगी लागेल, हे मी सांगितलं. एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर सावली नसलेली जागा लागते. म्हणजे पुढे १०० पर्यंत जायचं तर हजार चौरस मीटर हवी. ती आहे का, आणि पत्र्याखालचा सांगाडा वजन पेलेल का, हे कॅमेऱ्यावर दाखवलं तरी ठरत नाही. त्यासाठी माणूस पाठवला. तीन आठवड्यांनी ५० किलोवॅटची ऑर्डर आली.

कुणी म्हणेल, विक्री निम्मी झाली. झाली. पण ११ वाजून १४ मिनिटांनी मी पुढचं पान उघडलं असतं, तर एकतर ‘देख के बताते हैं’ ऐकून ऑर्डर गेली असती, किंवा मुलाच्या आग्रहाने १०० चा संच बसला असता आणि जुलै ते नोव्हेंबर शेठजी छताकडे बघून हप्ता भरत राहिले असते. कलबुर्गीतल्या मिलवाल्यांची एकमेकांशी रोज गाठ पडते. दुसरी मिल मला मिळाली नसती.

शांततेचे आणखी दोन प्रकार

प्रत्येक शांतता प्रश्नाने सुटते असं नाही. दोन प्रकार थोडक्यात सांगतो.

एक, ठरवणारा माणूस कॉलवरच नसतो. ओळखायचं कसं? समोरचा सगळं छान ऐकतो, लिहून घेतो, पण पैशाच्या कुठल्याही प्रश्नावर ‘मी पोहोचवतो’ म्हणतो. त्याला रेटून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. त्याला विचारा, ‘मोठ्या साहेबांनी यातला पहिला प्रश्न कोणता विचारावा असं तुम्हाला वाटतं?’ तो सांगतो, आणि बरोबर सांगतो. मग त्या एका प्रश्नाचं उत्तर असलेलं एक पान त्याच्याकडे द्या. वीस पानांची फाइल दिलीत तर ती वर पोहोचत नाही.

दोन, कॅमेरा बंद ठेवणारा. त्याला कॅमेरा सुरू करायला सांगू नका. घरातून बोलत असेल, प्रवासात असेल, नेट कमी असेल. त्याला नाव घेऊन, आधी सूचना देऊन प्रश्न विचारा. ‘दोन मिनिटांनी मी पाटीलसाहेबांना छताबद्दल विचारणार आहे.’ दोन मिनिटांत तो फोन कानाशी आणतो आणि तयार होतो. अचानक नाव घेतलं की माणूस गडबडतो, आणि गडबडलेला माणूस आणखी गप्प होतो. चॅटमध्ये लिहिलं तरी चालेल, असंही सांगा. चारचौघांत बोलायला संकोचणारे लिहितात.

आणि मी सात आकडे मोजले, प्रश्न दोन वेगळ्या तऱ्हांनी विचारला, तरी काही आलं नाही, तर मी तिथे थांबतो. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे उलटतपासणी. कॉल वेळेआधी संपवतो. संध्याकाळपर्यंत चार ओळींचा मेसेज पाठवतो. त्यात आमच्या संचाची तारीफ नसते. आज कोणते आकडे बघितले, कोणता आकडा मला अपुरा वाटला, आणि तो पूर्ण करायला त्यांच्याकडून कोणता कागद हवा, एवढंच. जिथे शांतता सुरू झाली होती, तोच आकडा मी ‘अपुरा’ म्हणून लिहितो. पुष्कळ लोक कॉलवर जे बोलले नाहीत ते या मेसेजला उत्तर म्हणून लिहितात. जे तरीही लिहीत नाहीत, त्यांना मी महिनाभर त्रास देत नाही.

पुढच्या कॉलला बसाल तेव्हा माझ्या बोलण्यातलं एवढंच करून बघा. शेजारी एक कोरा कागद ठेवा. ग्राहक गप्प झाला की वेळ लिहा, पडद्यावर काय होतं ते लिहा, आणि पुढचं पान उघडायच्या आधी शेअरिंग बंद करा. पाच-दहा कॉलचे कागद जमले की ते एकापुढे एक मांडून बघा. तुमचे ग्राहक त्याच त्या एक-दोन ओळींवर गप्प होतात असं दिसलं, तर कोटेशनमधली तीच ओळ पहिल्यांदा दुरुस्त करा.